चलन एक, मागण्या नऊ

चाकण परिसरातल्या एका कारखान्यात ईआरपी बसवण्याचं काम आमच्याकडे होतं. वाहनांचे सुटे भाग बनवणारा, मध्यम आकाराचा कारखाना. बाकीची मॉड्यूल ठरल्याप्रमाणे उभी राहिली, पण जॉबवर्कचं मॉड्यूल अडकलं. कास्टिंग बाहेर मशिनिंगला जायचं, तिथून परत येऊन प्लेटिंगला जायचं आणि मग पुन्हा कारखान्यात यायचं. या येण्याजाण्याचं चलन आणि हिशेब एवढंच काम होतं. आम्ही २२ दिवसांचा अंदाज दिला होता, लागले ४४. आणि आढावा बैठकीत मालक सगळ्यांसमोर म्हणाले, "तुमची टीम स्लो आहे." त्या कामातून जे शिकलो ते लिहितो आहे.

१. पहिला फुकट बदल सर्वांत महाग पडतो.

साइन-ऑफ झालेल्या कागदावर लिहिलं होतं की एका चलनावर गेलेला माल एकाच वेळी परत येतो. तिसऱ्याच आठवड्यात स्टोअरवाले म्हणाले, "अहो, पाचशे नग पाठवले तर दोनशे आज येतात, तीनशे पुढच्या सोमवारी." खरं तर हे आम्हीच आधी विचारायला हवं होतं. म्हणून मी लगेच "करून टाकतो" म्हणालो. पुढे कास्टिंगचा कोड वेगळा आणि मशिनिंग होऊन आलेल्या भागाचा कोड वेगळा, हे आलं. मग चलनाचा छापील नमुना बदलला, मग दर नगावर न लावता वजनावर लावायचा ठरला. हे चारही बदल आम्ही फोनवर किंवा शॉपफ्लोअरवर उभ्याउभ्या स्वीकारले. नंतर टाइमशीट काढली तेव्हा त्यात ९ दिवस गेलेले दिसले. या ९ दिवसांचा एकही कागद क्लायंटकडे नव्हता. त्यांच्या दृष्टीने ते दिवस घडलेच नव्हते. आम्ही फक्त ९ दिवस उशीर केला होता.

२. बदल छोटा की मोठा, हे मागणाऱ्याच्या वाक्याच्या लांबीवरून कळत नाही.

पाचवा बदल परचेसच्या प्रमुखांनी एका वाक्यात सांगितला. मशिनिंगवाल्याकडून माल परत कारखान्यात कशाला आणायचा, तो थेट प्लेटिंगवाल्याकडे जाऊ दे. टेम्पोचं भाडं वाचेल. मागणी रास्त होती. पण त्या रात्री कागद घेऊन बसलो तेव्हा तिचे धागे दिसायला लागले.

आमच्या रचनेत प्रत्येक जॉबवर्कर म्हणजे साठ्याची एक वेगळी जागा होती. माल गेला की स्टोअरमधून वजा होऊन त्याच्या जागेवर जमा. परत आला की गेटवर नोंद, मग जीआरएन आणि जीआरएनवरून जॉबवर्करचं बिल. आता माल गेटवर येणारच नसेल तर जीआरएन कशावर करायचा? आणि तो नसेल तर मशिनिंगवाल्याचं बिल कशावर पास करायचं? म्हणजे प्लेटिंगवाल्याने मोजलेल्या आकड्यावर मशिनिंगवाल्याचे पैसे ठरणार. प्लेटिंगवाल्याने "भोक तिरकं आहे" म्हणून माल नाकारला तर डेबिट नोट कोणावर काढायची?

उपाय दिसत होता: सिस्टिममध्ये कागदोपत्री एक आवक आणि त्याच क्षणी दुसरी जावक दाखवायची. पण त्यात खरा धोका लपलेला होता. जीएसटी कायद्याच्या कलम १४३ प्रमाणे जॉबवर्कला पाठवलेला कच्चा माल एका वर्षात परत यावा लागतो. नाही आला (किंवा तिथूनच विकला गेला नाही) तर तो पाठवला त्याच दिवशी विकला असं धरलं जातं. आम्ही नवीन जावक चलन काढलं असतं तर सिस्टिमने वर्ष त्या दिवसापासून मोजायला घेतलं असतं. खरं वर्ष मात्र पहिल्या चलनापासून चालू होतं. आयटीसी-०४ या विवरणपत्रातही एकाकडे पाठवून दुसऱ्याकडून परत आलेल्या मालाचा तक्ता वेगळा आहे. म्हणजे मूळ चलनाचा नंबर आणि तारीख शेवटपर्यंत मालासोबत चालत राहायला हवी. या एका वाक्याला ८ दिवस लागणार होते.

३. दिवसांचा आकडा मागणाऱ्याच्या हातात द्या, आणि त्याच दिवशी द्या.

इथून पुढे आम्ही प्रत्येक मागणीला नंबर दिला. त्या संध्याकाळीच चार ओळींची मेल जायची: काय मागितलं, कोणी मागितलं, साइन-ऑफच्या कागदात काय लिहिलं आहे, किती दिवस वाढतील. लेखी होकार आल्याशिवाय प्रोग्रामरकडे काम जायचं नाही. पाचपासून नऊपर्यंतच्या मागण्या मिळून १९ दिवस झाले. त्यातल्या ६ दिवसांच्या दोन मागण्या, आकडा वाचल्यावर, त्यांनी स्वतःच मागे घेतल्या. त्यातली एक प्लेटिंगच्या दरातल्या फरकाची होती. महिन्यातून दोनदा घडणारी गोष्ट, अकाउंट्सवाले हातानेही करू शकत होते. उरलेल्या १३ दिवसांचे पैसे मिळाले. पहिल्या ९ दिवसांचे मिळाले नाहीत, आणि मी मागितलेही नाहीत. नोंद नव्हती.

४. मागण्यांपुढे नावं लिहिल्यावर आजार कळतो.

तोवर मी समजत होतो की क्लायंटचं मन सारखं बदलतं. यादीत "कोणी मागितलं" हा रकाना आला आणि चित्र पालटलं. कोणाचंच मन बदललं नव्हतं. स्टोअरला प्रत्येक नग गेटवर मोजून हवा होता, कारण वर्षअखेरीला साठा जुळला नाही की त्यांना उभं केलं जातं. परचेसला माल गेटवर आणायचाच नव्हता, कारण वाहतूक खर्च त्यांच्या नावावर पडतो. दोघे गेली कित्येक वर्षं आपापल्या वहीत आपापल्या पद्धतीने काम करत होते. सिस्टिम एक असल्यामुळे तो वाद पहिल्यांदा समोर आला आणि आमच्या स्क्रीनवर भांडला गेला. आम्ही एकाचं ऐकून केलं की आठवड्याने दुसरा ते उलटवायचा.

हे ओळखायची एक सोपी खूण आहे. एखादी मागणी आधीच्या मागणीला रद्द करत असेल तर तो बदल नसतो, त्यांच्या घरातला न मिटलेला प्रश्न असतो. तो सल्लागाराने मिटवू नये. सही करणारा एकच माणूस त्यांच्याकडून नेमून घ्यावा, आणि तो दोन्ही खात्यांच्या वरचा असावा.

५. आरोपाला उत्तर देताना विशेषणं नकोत.

"टीम स्लो आहे" हे ऐकताना माझ्या शेजारी आमची प्रोग्रामर बसली होती. तिने चलनाची तीच स्क्रीन चार वेळा बांधली होती. तिच्या चेहऱ्याकडे पाहून मला फार वाईट वाटलं. बोलण्यासारखं तोंडाशी खूप आलं, पण मी यादी पडद्यावर लावली आणि फक्त वाचली. तारीख, मागणी, खातं, दिवस. मागणी सहा, स्टोअर: थेट पाठवणी बंद करा. मागणी आठ, परचेस: थेट पाठवणी चालू करा. मालकांनी तिथेच दोन्ही प्रमुखांकडे पाहिलं आणि विचारलं, "नक्की काय ठरलंय?" कोणी बोललं नाही. अर्ध्या तासाने ठरलं की थेट पाठवणी फक्त दोन ठरलेल्या प्लेटिंगवाल्यांकडेच होईल आणि तिथली मोजणी स्टोअरचा माणूस जाऊन करेल.

बैठक संपल्यावर मालकांनी टीमबद्दलचं ते वाक्य मागे घेतलं नाही. बैठकीचा वृत्तांत मी लिहिला, त्यात पहिल्या चार बदलांचे ९ दिवसही तारखांसह घातले आणि ते सगळं काम कोणी केलं तिचं नावही. त्यावर हरकत आली नाही.