स्टेशनचा सीन कागदावरच काप

अगं, तुझी संहिता वाचली. २०१६ चा लातूरचा उन्हाळा, रिकाम्या घागरी, मिरजेहून पाणी घेऊन येणारी रेल्वे. गोष्ट चांगलीच आहे, पण हिशेब तू कॅमेऱ्याच्या भाड्यापासून सुरू केलास. आधी प्रत्येक सीनपुढं जागा, माणसं आणि सामान लिहून काढ. मग कळतं पैसा कुठं जातोय.

समज, तुझ्याकडे दीड लाख आहेत आणि फिल्म पंधरा मिनिटांची. कॅमेरा, लाइट, साउंड, गाडी, बारा जणांचं जेवण आणि मानधन धरून शूटचा एक दिवस पंचवीस हजारांना पडतो असं धरू. चार दिवसांचे लाख गेले. तालीम, जागा बघणं आणि परवानग्या यांना पंधरा, संकलन-साउंडला पस्तीस. झाले दीड लाख! वितरणाला काही नाही, पाऊस आला तर काही नाही.

आता चौथा दिवस कशासाठी आहे ते बघ. फक्त स्टेशनसाठी. रेल्वेच्या हद्दीत परवानगी, शुल्क, गर्दी, आणि वर २०१६ सालची टँकरगाडी आणणार कुठून? ती दाखवूच नकोस. रात्री गल्लीत घागरींची रांग, लांबून इंजिनाची शिट्टी, आणि माना वळतात. आवाजावर भागतं, आणि मला विचारशील तर सीनही जास्त चांगला होतो. वाचलेल्या पंचविसातले पंधरा हजार राखीव ठेव, दहा वितरणाला.

आवाजात मात्र काटकसर करू नकोस. 'नंतर डबिंग करू' असं कुणी म्हटलं तर त्याला हिशेब माग. गावातली माणसं घागर उचलताना जशी बोलतात तशी स्टुडिओत माइकसमोर बोलत नाहीत. शिवाय पाच जणांना लातूरहून पुण्याला न्यायचं, ठेवायचं आणि स्टुडिओला तासावर पैसे द्यायचे. त्यापेक्षा सेटवरच चांगला साउंड रेकॉर्डिस्ट घे. 'ख्वाडा'ला ६२ व्या राष्ट्रीय पुरस्कारांत लोकेशन साउंडचा पुरस्कार मिळाला, तो उगीच नाही. शूटच्या दिवशी हेडफोन लावून शेजारच्या पिठाच्या गिरणीचा आवाज ऐकू येतोय का ते स्वतः बघ.

दोन हार्ड डिस्क संकलनाच्या पैशातून घे. रोज रात्री दोन्हीवर कॉपी झाल्याशिवाय कार्ड रिकामं करायचं नाही. सिनेमातलं आवडतं गाणं लावायचं मनात असेल तर विसर, हक्क विकत घ्यायला तुझं अख्खं बजेट पुरणार नाही.

वितरणाचे दहा हजार म्हणजे इंग्रजी सबटायटल्स, महोत्सवांची प्रवेश फी आणि मागितलीच तर डीसीपी. फी भरण्याआधी नियम वाच. फिल्म आधीच यूट्यूबवर असेल तर काही महोत्सव घेत नाहीत, म्हणून आधी महोत्सव, मग यूट्यूब. सेन्सॉरचं प्रमाणपत्र थिएटरात लावायची असेल तर लागेल, त्याचे पैसे आत्ता धरू नकोस.

नांदेडहून कॅमेरा आणणार असशील तर भाडं निघाल्यापासून मोजतात की शूटपासून, ते आधी लिहून घे.