स्वतोमूल्य आणि साधनमूल्य : मिलच्या सुखवादाच्या संदर्भात



उपयुक्ततावादाचा परिचय करून घेताना आपल्यासमोर जॉन स्टुअर्ट मिल यांचे एक विधान आले. साध्य म्हणून इष्ट असे काही असेल तर ते केवळ सुख होय, असे ते सांगतात. हे विधान प्रथम वाचताना बहुतेकांच्या मनात एकच आक्षेप येतो : मग आरोग्य, ज्ञान, पैसा, प्रामाणिकपणा या गोष्टी चांगल्या नाहीत काय? हा आक्षेप स्वाभाविक आहे. परंतु या स्वरूपात तो मिल यांना लागूच पडत नाही. तो का लागू पडत नाही आणि कोणत्या स्वरूपात मांडला असता लागू पडेल, हे प्रस्तुत घटकात आपण पाहणार आहोत.

प्रारंभी 'मूल्य' या शब्दाविषयी थोडी सावधगिरी बाळगू. व्यवहारात मूल्य म्हणजे किंमत. नीतिशास्त्रात मात्र मूल्य म्हणजे एखाद्या गोष्टीचे चांगलेपण, आणि हे चांगलेपण दोन प्रकारे असू शकते. जी गोष्ट दुसऱ्या कशाकडे तरी नेते म्हणून चांगली असते, तिला साधनमूल्य असते. जी गोष्ट तिच्यापासून पुढे काहीही निष्पन्न झाले नाही तरी चांगलीच राहते, तिला स्वतोमूल्य असते.

साधनमूल्याचे स्वरूप समजून घेण्यासाठी नोटबंदीचा प्रसंग आठवून पाहा. ८ नोव्हेंबर २०१६ च्या मध्यरात्रीपासून पाचशे आणि हजार रुपयांच्या तत्कालीन नोटा चलनातून बाद झाल्या. नोटेचा कागद तोच होता, शाई तीच होती, आकडाही तोच होता. बदलला तो नोटेचा बाकीच्या जगाशी असलेला संबंध. धान्याच्या डब्यात जपून ठेवलेली आणि मुदत उलटल्यावर सापडलेली नोट हाती घेतली, तर तिच्यात काय कमी झाले हे कितीही निरखून दिसणार नाही. साधनमूल्य वस्तूच्या अंगी नसते. ते तिच्या परिणामांतून येते, आणि परिणाम थांबले की तेही नाहीसे होते. याचा अर्थ साधनमूल्य क्षुल्लक असते असा नव्हे. इंजेक्शनला स्वतोमूल्य कोणी मानणार नाही, तरी प्रसंगी त्यावर प्राण अवलंबून असतात.

आता मिल यांच्याकडे वळू. आरोग्य चांगले का? कारण त्यामुळे वेदना टळते आणि सुख मिळते. पैसा चांगला का? कारण त्यातून सुखाची साधने मिळतात. या उत्तरांत आरोग्याचे वा पैशाचे चांगलेपण नाकारलेले नाही. ते कोणत्या प्रकारचे आहे एवढेच सांगितले आहे. म्हणून 'आरोग्यही चांगले आहे' एवढे म्हणून सुखवाद खोडता येत नाही. आरोग्य सुखाव्यतिरिक्तही चांगले आहे, असे दाखवावे लागते.

हा भेद न पाळल्यास नैतिक हिशेब कसा चुकतो, हे एका कल्पित उदाहरणावरून पाहू. एका गावाला उपलब्ध रकमेतून एक तर विहीर खोल करता येईल किंवा वाचनालय सुरू करता येईल. सभेत एक सदस्य विहिरीच्या बाजूने चार लाभ मोजतात : पाणी मिळेल, हेलपाटे वाचतील, आजार घटतील, लोक सुखी होतील. वाचनालयाच्या बाजूला ते एकच लाभ लिहितात, वाचनाचा आनंद. मग चार विरुद्ध एक म्हणून विहीर जिंकते. विहीर कदाचित खरोखरच अधिक गरजेची असेल, पण ती या बेरजेने ठरत नाही. पाणी चांगले ते हेलपाटे आणि आजार कमी होतात म्हणून. आणि सुखवाद्याच्या मते या गोष्टी चांगल्या त्या दुःख कमी होते म्हणून. म्हणजे एकच रक्कम चार वेळा जमा धरली गेली. सुखवाद्याच्या वहीत येथे एकच नोंद होईल. आरोग्याला स्वतोमूल्य आहे असे मानणाऱ्याच्या वहीत दोन होतील. कोणत्या गोष्टींना स्वतोमूल्य आहे हे सांगणे म्हणजे वहीत कोणते रकाने असावेत हे ठरवणे होय, आणि एखादी नीतिमीमांसा चांगले काय हे सांगते तेव्हा ती प्रथम हेच काम करीत असते.

मिल यांची खरी अडचण सद्गुणाच्या बाबतीत उद्भवते. माणसे सद्गुणाची इच्छा त्याच्यासाठीच करतात, हे ते प्रामाणिकपणे मान्य करतात. त्यावर ते पैशाचा दाखला देतात. पैसा प्रारंभी केवळ साधन म्हणून हवा असतो. परंतु सुखाशी त्याचे साहचर्य इतके दृढ होते की कंजूष माणसाला खर्चापेक्षा संचयच प्रिय वाटू लागतो. त्याचप्रमाणे सद्गुणही प्रथम साधन असतो आणि पुढे सुखाचाच एक घटक बनतो, असे त्यांचे उत्तर आहे.

जी. ई. मूर यांनी १९०३ साली 'प्रिन्सिपिया एथिका' या ग्रंथात या उत्तरावर कठोर टीका केली. सुख ही जर एक भावावस्था असेल, तर तिजोरीतील नाणी तिचा घटक कशी होतील? पैशाची जाणीव सुखाचे कारण होऊ शकेल. पण कारण आणि घटक एकच मानले तर साधन आणि साध्य यांतील सीमाच पुसली जाते, आणि मग 'केवळ सुखच साध्य आहे' या विधानाला काही अर्थ उरत नाही. मिल यांच्या बाजूने एवढे म्हणता येईल की त्यांना सुख हा शब्द सुखकर जीवन अशा व्यापक अर्थाने अभिप्रेत असावा. परंतु तसे म्हटल्यास सुखवाद बराच सैल होतो, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

येथे आणखी एक सूक्ष्म बाब लक्षात ठेवावी. एखादी गोष्ट तिच्यासाठीच हवीशी वाटणे आणि तिला स्वतोमूल्य असणे, या दोन भिन्न गोष्टी आहेत. कंजुषाला संचय त्याच्यासाठीच हवा असतो. तेवढ्याने संचयाला स्वतोमूल्य प्राप्त होत नाही. पहिली गोष्ट माणसाच्या मनाविषयी आहे, दुसरी त्या गोष्टीच्या चांगलेपणाविषयी.

मग स्वतोमूल्य ओळखावे कसे? मूर यांनी सुचवलेली रीत अशी की ती गोष्ट इतर सर्वांपासून वेगळी काढून, केवळ तीच अस्तित्वात आहे अशी कल्पना करावी आणि तरीही ती चांगली वाटते का हे पाहावे. या रीतीशी नाते सांगणारा युक्तिवाद डब्ल्यू. डी. रॉस यांनी 'द राइट अँड द गुड' (१९३०) या ग्रंथात मांडला. दोन जगांची कल्पना करा. दोहोंत सुखाचे प्रमाण अगदी सारखे आहे. मात्र एकातील माणसे सद्गुणी आहेत, तर दुसऱ्यातील दुर्गुणी. सद्गुण केवळ साधन असेल, तर दोन्ही जगे सारखीच चांगली म्हणावी लागतील. पहिले अधिक चांगले आहे असे आपल्याला वाटत असेल, तर तो अधिकपणा सुखातून आलेला नाही, कारण सुख समान धरलेले आहे. प्रारंभी पाहिलेला आक्षेप आता योग्य स्वरूपात आला.

या रीतीला मर्यादाही आहे. दुर्गुणी माणसांच्या जगाचा विचार करताना भावी फसवणूक आणि भांडणे आपल्या मनात नकळत डोकावतात. म्हणजे परिणाम वगळले असे आपण म्हणतो, पण ते खरोखर वगळले जातातच असे नाही. सुखवादी नेमके यावर बोट ठेवतो : तुमचा कौल सद्गुणाच्या बाजूचा नसून सवयीचा आहे. या प्रत्युत्तराची तपासणी करण्यासाठी परिणामांना वाव न ठेवणारे उदाहरण घ्यावे लागते.

स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न

मृत्युशय्येवरील मित्राला एका व्यक्तीने एकांतात वचन दिले आहे. ते पाळल्याने वा मोडल्याने कोणाच्याही सुखात यत्किंचितही फरक पडणार नाही, आणि ते कोणाला कधी कळणारही नाही. वचन मोडल्यास काही गमावले जाते काय? सुखवादी काय उत्तर देईल ते प्रथम लिहा. नंतर, तुमचा स्वतःचा कौल वेगळा असल्यास तो वचनपालनाच्या स्वतोमूल्यावर आधारलेला आहे की सवयीवर, हे कसे ओळखाल ते सांगा.