तीन वर्षं म्हणजे नेमके किती प्रवेश?

फेब्रुवारी २०२१मध्ये मी मेकॅनिकलमधून गेट दिली. मार्चमध्ये निकाल लागला, स्कोअर बरा होता. पण तेवढ्यात पुण्यात नोकरी लागली आणि म्हटलं, घाई काय आहे, गेटचा स्कोअर तीन वर्षं चालतो. एकवीस अधिक तीन, चोवीस. आधी थोडे पैसे जमवू, चोवीसला एमटेक करू.

२०२४च्या उन्हाळ्यात फॉर्म उघडला. गेटचं वर्ष निवडायच्या रकान्यात तीनच पर्याय होते : २०२२, २०२३, २०२४. मला वाटलं, साइटच बिघडलीये. दोनदा पान रिफ्रेशही केलं. मग जुनं स्कोअरकार्ड काढलं. मुदत त्यावरच छापलेली होती, मार्च २०२४पर्यंत. तीन वर्षं मी कधी धड वाचलीच नव्हती.

घोळ असा की ही तीन वर्षं निकालापासून मोजतात. निकाल मार्चमध्ये आणि प्रवेश त्यानंतर, म्हणून पहिला प्रवेश निकालाच्याच वर्षी धरायचा. माझ्या स्कोअरचे तीन प्रवेश २०२१, २०२२ आणि २०२३. चोवीसचे प्रवेश रंगात येईपर्यंत तो बाद झालेला. ‘अधिक तीन’ नाही, ‘अधिक दोन’ करायचं, एवढंच गणित. ते इंजिनिअरला चुकावं!

मुदत आहे तोवर मात्र जुना स्कोअर बिनधास्त वापरता येतो. परीक्षा पुन्हा दिली म्हणून आधीचा रद्द होत नाही. दोन्ही मुदतीत असतील तर जास्तीचा वापरावा. तुलना करताना शंभरपैकीचे गुण किंवा रँक पाहू नका, हजारपैकीचा स्कोअर पाहा. एखाद्या वर्षी पेपर अवघड निघतो, एखाद्या वर्षी सोपा. तो फरक स्कोअरमध्ये धरलेला असतो.

हे झालं एमटेकचं. सरकारी कंपन्या गेटवरून भरती करतात तेव्हा बहुधा एक ठरावीक वर्षच मागतात. तिथे दोन वर्षांपूर्वीचा स्कोअर मुदतीत असूनही उपयोगाचा नाही. त्यामुळे जाहिरातीत ‘व्हॅलिड गेट स्कोअर’ लिहिलंय की ‘गेट २०२५’, हे आधी बघा. आणि एमएचटी-सीईटीशी गल्लत नको. तो स्कोअर फक्त त्याच वर्षीचा.

स्कोअरकार्डाची पीडीएफही निकालानंतर लगेच उतरवून ठेवा. अलीकडे ती मे अखेरपर्यंतच फुकट मिळते, नंतर पाचशे रुपये भरून डिसेंबरपर्यंत, आणि पुढे मिळतच नाही. म्हणजे स्कोअर जिवंत, पण दाखवायला कागद नाही, अशी वेळ येऊ शकते.

मी २०२५ला पुन्हा बसलो. ऑफिस सुटल्यावर रात्री थर्मोडायनॅमिक्स, चार वर्षांच्या गंजासकट. स्कोअर आधीपेक्षा कमीच आला, पण त्याच जुलैत प्रवेश घेऊन टाकला.