प्रमाणपत्र माणसाचं, परवाना यंत्राचा

एक्स-रे टेक्निशियनची नोकरी शोधणारी मुलं बहुधा एकच प्रश्न विचारतात: रेडिएशन सेफ्टीचं सर्टिफिकेट कुठून काढायचं? मला हा प्रश्नच चुकीच्या टोकाकडून विचारलेला वाटतो. वाहन चालवायचं लायसन्स खिशात घेऊन त्या प्रकारची कुठलीही गाडी चालवता येते, तसा वैयक्तिक परवाना आपल्याकडे एक्स-रे टेक्निशियनला मिळत नाही. मुंबईच्या अणुशक्तीनगरातलं अणुऊर्जा नियामक मंडळ, म्हणजे एईआरबी, परवाना देतं तो संस्थेला, आणि तोही ठरावीक ठिकाणी बसवलेल्या ठरावीक यंत्रासाठी. तो परवाना मागताना संस्थेला यंत्राच्या गुणवत्ता तपासणीचा अहवाल, खोलीचा आराखडा, कर्मचाऱ्यांची पात्रता आणि त्यांच्या बॅजची सोय हे सगळं ई-लोरा या ऑनलाइन प्रणालीत मांडावं लागतं. टेक्निशियन हा त्या मांडणीतला एक भाग असतो. म्हणून दोन-चार दिवसांचा वर्ग करून मिळालेला 'एईआरबी सर्टिफाइड ऑपरेटर' असा कागद कुणी पुढे केला, तर जाणता मालक तो बाजूला ठेवून मूळ पदविका मागतो.

ती पदविका कोणती, हे मंडळाच्या संहितेत सरळ दिलेलं आहे. विज्ञान विषय घेऊन बारावी, आणि त्यानंतर प्रत्यक्ष कामाच्या प्रशिक्षणासह किमान एक वर्षाचा रेडिओग्राफीचा अभ्यासक्रम. गोंधळ होतो तो आरएसओच्या प्रमाणपत्रामुळे. आरएसओ म्हणजे संस्थेतला किरणोत्सर्ग सुरक्षा अधिकारी. एक्स-रे विभागात पात्र टेक्निशियनलाही हे पद मिळू शकतं आणि त्यासाठी वेगळं प्रशिक्षण असतं. पण ते प्रशिक्षण पूर्ण केल्याने माणूस आरएसओ होत नाही, नेमला जाण्यास पात्र होतो. नेमणूक संस्था सुचवते, मंडळ मान्य करतं, आणि ती मान्यता त्या संस्थेपुरतीच असते. नोकरी सोडली की प्रमाणपत्र आपल्याबरोबर येतं, पद मागेच राहतं. नवा मालक 'आमचे आरएसओ आता तुम्हीच' असं पहिल्याच दिवशी तोंडी म्हणाला, तर मान्यतेचा कागद हातात येईपर्यंत त्या नावाने कुठेही सही करू नये.

एक कल्पित उदाहरण घेऊ. बार्शीच्या एका एक्स-रे सेंटरमध्ये चार वर्षं काम केलेला मुलगा पुण्यातल्या सीटी स्कॅन असलेल्या रुग्णालयात अर्ज करतो. पदविका आहे, आरएसओचं प्रमाणपत्रही आहे. नीट काम करणारं रुग्णालय त्यानंतर त्याच्या जुन्या डोसची नोंद मागतं. ही मागणी रुग्णालयाच्या मर्जीवर सोडलेली नाही. 2004 च्या किरणोत्सर्ग संरक्षण नियमांनुसार नेमणुकीआधी आधीच्या मालकाकडून डोसच्या आणि आरोग्य तपासणीच्या नोंदी मिळवणं नव्या मालकाला बंधनकारक आहे, आणि नोकरी सोडताना त्या नोंदी कर्मचाऱ्याला देणं जुन्या मालकाला. यामागचं कारण साधं आहे. आपल्याकडे एका वर्षात 30 मिलिसिव्हर्टच्या वर जाता येत नाही आणि सलग पाच वर्षांची बेरीज 100 च्या आत राहावी लागते. ही बेरीज माणसाची असते, नोकरीची नव्हे. मागच्या वर्षांचा आकडाच माहीत नसेल, तर पुढे किती मोकळीक उरली हे नवं रुग्णालय कशावरून ठरवणार?

आता समजा, त्या मुलाच्या नोंदीत शेवटच्या वर्षी तीन तिमाहींत आकडा जवळजवळ शून्य आहे आणि चौथीत एकदम 6 मिलिसिव्हर्ट. मर्यादेच्या हिशेबात 6 बसतात, पण साध्या एक्स-रेच्या कामाला ते फार आहेत. इथे जाणता आरएसओ आधी बॅज कुठे राहत होता ते विचारतो. टीएलडी बॅज छातीवर, लेड अॅप्रनच्या आत लावायचा असतो. तो अॅप्रनवरच टाचून अॅप्रन एक्स-रेच्या खोलीत टांगून ठेवला, तर नोंद होते ती भिंतीवर पडलेल्या विखुरलेल्या किरणांची. बॅज खरोखर अंगावर होता का, त्या काळात पोर्टेबलचं किंवा फ्लुरोस्कोपीचं काम वाढलं होतं का, रुग्ण धरून ठेवायची वेळ वारंवार आली होती का, याची उत्तरं लेखी असतील तर 6 चा आकडा अडचणीचा ठरत नाही. ती नसतील, तर तो आकडा कायम संशयात राहतो. उलट, वर्षानुवर्षं कोरं शून्यही मला आश्वासक वाटत नाही. दिवसभर पोर्टेबल फिरवणाऱ्याचा बॅज कोरा येत असेल, तर तो ड्रॉवरमध्ये सुखरूप असण्याची शक्यता बरीच.

यावर पहिला आक्षेप लहान दवाखान्यांचा असतो. वीस वर्षं मशीन चालवणाऱ्या मामांना पदविका नाही, पण त्यांचे फोटो नव्या पोरांपेक्षा सरस येतात, मग कागद कशाला? मामांचा हात चांगला असेल, हे मला मान्य आहे. पण फिल्मच्या काळात डोस जास्त झाला की फिल्म काळी पडायची आणि चूक लगेच डोळ्यांना दिसायची. सीआर आणि डीआर आल्यापासून तसं होत नाही. जरुरीपेक्षा जास्त किरण दिले तरी संगणक चित्र सावरून घेतो. उलट दाणेदारपणा कमी होऊन फोटो अधिकच छान दिसतो. म्हणजे 'फोटो सरस येतात' ही शाबासकी कधीकधी रुग्णाला दिलेल्या जादा डोसची खूणही असू शकते. ते ओळखायला पडद्यावरचा एक्स्पोजर इंडेक्स वाचता यावा लागतो आणि त्यावरून केव्ही व एमएएस कमी करता यावे लागतात. पदविकेच्या वर्षात शिकायचं असतं ते हेच.

दुसरा आक्षेप टेक्निशियनचा: मालकाने माझं सगळं तपासलं, मी मालकाचं कशाला तपासू? माझं म्हणणं असं, की तपासणी दोन्ही बाजूंनी व्हायला हवी, कारण परवाना नसलेल्या यंत्रावर उभा राहणार आहे तो टेक्निशियन. यंत्राचा चालू परवाना, त्यावरची मुदत आणि यंत्राचा तपशील, दोन वर्षांच्या आतला गुणवत्ता तपासणी अहवाल, आणि आपल्या नावाचा बॅज कधीपासून येणार याचं उत्तर, एवढं मुलाखतीतच विचारावं. 'बॅज येईल दोन-तीन महिन्यांत, तोवर जुन्या माणसाचा लावा' असं उत्तर आलं, तर त्याचा अर्थ सरळ आहे: तुमचा डोस दुसऱ्याच्या नावावर जमा होईल आणि तुमची नोंद रिकामी राहील.

आपल्याकडे एक प्रकार सर्रास चालतो. सकाळी एका रुग्णालयात पाळी, संध्याकाळी दुसऱ्या सेंटरमध्ये तीन तास, आणि दोन्हीकडे नव्याने भरलेला बॅजचा अर्ज. पहिल्या नोंदणीत मिळालेला वैयक्तिक क्रमांक पुढच्या प्रत्येक ठिकाणी तोच सांगायचा असतो, म्हणजे राष्ट्रीय डोस नोंदणीत सगळे आकडे एकाच नावाखाली जमतात. क्रमांक लपवला किंवा आठवत नाही म्हणून नवा काढला, की एका माणसाची दोन खाती होतात. दोन्हीकडचे आकडे वेगवेगळे मर्यादेत दिसतात, आणि त्यांची बेरीज कोणाच्याच कागदावर नसते. बॅजही प्रत्येक ठिकाणचा वेगळाच असावा. सकाळचा बॅज संध्याकाळच्या सेंटरमध्ये लावून नेला, तर तिथला डोस सकाळच्या रुग्णालयाच्या नावावर पडतो, आणि चौकशी निघालीच तर ज्या खोलीत काही बिघडलेलं नाही तिथली भिंत आणि यंत्र तपासत बसतात.