भाताच्या ताटाची परीक्षा : संतुलित आहार आणि बेरीबेरी

शरीरास आवश्यक असणारी कर्बोदके, प्रथिने, स्निग्ध पदार्थ, जीवनसत्त्वे, खनिजे, चोथा व पाणी योग्य प्रमाणात ज्यातून मिळतात, त्यास संतुलित आहार म्हणतात. यांपैकी काही घटक साध्या चाचण्यांनी ओळखता येतात; परंतु त्यांवरून आहार पुरेसा आहे असा निष्कर्ष काढता येत नाही. पांढऱ्याशुभ्र, पॉलिश केलेल्या तांदळाच्या उदाहरणाने हे स्पष्ट होईल.

शिजवलेल्या भातावर सौम्य आयोडीन द्रावणाचे दोन-तीन थेंब टाकल्यास निळा-काळा रंग येतो. ही स्टार्चची खूण होय. भात गरम असल्यास हा रंग टिकत नाही, म्हणून तो थंड करून घ्यावा. प्रथिनांसाठी वाटलेला नमुना परीक्षानळीत घेऊन त्यात दहा थेंब पाणी, मोरचुदाच्या द्रावणाचे दोन थेंब आणि कॉस्टिक सोड्याच्या द्रावणाचे दहा थेंब घालून नळी हलवावी. काही मिनिटांत जांभळा रंग आल्यास प्रथिने आहेत असे समजावे. भातात हा रंग फिकट, तर डाळीत गडद दिसतो. कॉस्टिक सोडा त्वचा भाजतो, म्हणून ही चाचणी शिक्षकांच्या देखरेखीखालीच करावी. स्निग्ध पदार्थांसाठी नमुना कागदावर चोळावा. कागद वाळल्यावरही पारदर्शक डाग राहिल्यास स्निग्धांश आहे.

मात्र थायमिन, म्हणजेच ब-१ जीवनसत्त्व, यांपैकी कोणत्याही चाचणीत दिसत नाही. ते मुख्यतः तांदळाच्या कोंड्यात व अंकुरात असते आणि पॉलिश करताना बहुतांशी निघून जाते. डच वैद्य क्रिस्तियान आइकमन यांना एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जावा बेटावर असे आढळले की, पॉलिश केलेल्या तांदळावर वाढलेल्या कोंबड्यांचे पाय लुळे पडतात आणि कोंडा दिल्यास त्या बऱ्या होतात. स्टार्चमध्ये विष असावे, असा त्यांचा प्रारंभी समज होता. अन्नातील एका आवश्यक घटकाचा अभाव हे खरे कारण त्यांचे सहकारी खेरित ग्रेन्स यांनी 1901 मध्ये मांडले. आइकमन यांना 1929 मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले.

थायमिनच्या अभावी बेरीबेरी होतो. शुष्क प्रकारात हातापायांस मुंग्या येतात व स्नायू दुर्बल होतात. आर्द्र प्रकारात पायांवर सूज येते व हृदय निकामी होऊ शकते. यावरील उपाय आहारातच आहे. साळ भिजवून, वाफवून, वाळवून मग सडल्यास कोंड्यातील थायमिन दाण्याच्या आत शिरते. म्हणून उकड्या तांदळात ते अधिक टिकते. तांदूळ वारंवार धुतल्यास किंवा भात वेळून पाणी फेकल्यास ते वाया जाते. जोडीला डाळ, शेंगदाणे व कडधान्ये घेतल्यास ही उणीव भरून निघते.

सारांश, चाचणी घटकाचे अस्तित्व दाखवते, त्याची पुरेशी मात्रा नव्हे. आणि थायमिनसारखी उणीव पुष्कळदा लक्षणांवरूनच प्रथम लक्षात येते.