चूर्णाचा रिपोर्ट मागा आणि त्यातला आकडा वाचा

पुणतांब्यात गुडघे धरले की औषध तीन वाटांनी घरात येतं. आठवडे बाजारातून सुटी पुडी येते, शिर्डीला गेलेलं कोणीतरी देवस्थानाबाहेरच्या दुकानातून डबी आणतं, नाहीतर मेडिकलमधून कंपनीची बाटली येते. तिन्हींवर ‘आयुर्वेदिक’ लिहिलेलं किंवा सांगितलेलं असतं. पण शिसं, पारा, आर्सेनिक आणि कॅडमियम यांच्या बाबतीत तिन्हींची जोखीम सारखी नाही. हे धातू डोळ्यांना दिसत नाहीत, त्यांना वास येत नाही आणि उकळून ते जातही नाहीत.

खरेदीआधी एक गोष्ट पक्की करा: आपण घेतोय ते नुसतं वनस्पतींचं आहे की त्यात भस्म किंवा रस घातलेला आहे? नावावरून फसगत होते. योगराज गुग्गुळ आणि महायोगराज गुग्गुळ दुकानात शेजारी शेजारी असतात आणि दोन्ही सांधेदुखीवर दिली जातात. योगराज वनस्पतींचा आहे. महायोगराजात मात्र नागभस्म म्हणजे शिशाचं भस्म, वंगभस्म आणि पाऱ्यापासून केलेला रससिंदूर घालण्याचा पाठ आहे. आरोग्यवर्धिनीत पारा-गंधकाची कज्जली असते आणि तापावर सर्रास घेतल्या जाणाऱ्या त्रिभुवनकीर्तीत हिंगूळ असतो. ही औषधं वैद्याने तपासून, ठरावीक दिवसांसाठी द्यायची आहेत. ‘मागच्या वेळी लागू पडलं’ म्हणून पुन्हा बाटली आणणं इथे महागात पडतं. पारा, हिंगूळ, हरताळ, मनशीळ, शेंदूर अशा द्रव्यांची औषध कायद्यात वेगळी यादी आहे. त्यांच्या औषधावर वैद्यकीय देखरेखीखाली घ्यावं अशी सूचना छापावी लागते. ती आधी शोधा, मग घटकद्रव्यांची यादी पूर्ण वाचा. ‘भस्म’, ‘रस’, ‘सिंदूर’, ‘कज्जली’ यांपैकी काही दिसलं, तर वैद्यांना विचारल्याशिवाय घेऊ नका. गरोदर बाई आणि लहान मूल यांच्यासाठी तर अजिबातच नको.

आता वनस्पतींच्या चूर्णाकडे येऊ. त्यात धातू कोणी मुद्दाम घालत नाही, तो जमिनीतून, पाण्यातून, रस्त्याकडेच्या धुळीतून किंवा दळणयंत्रातून येतो. मुळांची चूर्णं, उदाहरणार्थ अश्वगंधा, मातीशी जास्त संबंधात असतात. भारतीय आयुर्वेदिक औषधकोशाने मर्यादा घालून दिल्या आहेत: शिसं 10 पीपीएम, आर्सेनिक 3, पारा 1, कॅडमियम 0.3. निर्यात होणाऱ्या निव्वळ वनस्पतींच्या औषधांना ही तपासणी 1 जानेवारी 2006 पासून सक्तीची झाली. त्याआधी, 2004 साली, बोस्टन परिसरातल्या दुकानांतून घेतलेल्या 70 आयुर्वेदिक औषधांपैकी 14 मध्ये शिसं, पारा किंवा आर्सेनिक सापडलं होतं.

मर्यादेत आहे म्हणजे झालं, असं मात्र नाही. एक पीपीएम म्हणजे ग्रॅममागे एक मायक्रोग्रॅम. समजा, घरातल्या काकू अश्वगंधा चूर्ण सकाळ-संध्याकाळ तीन-तीन ग्रॅम घेतात, म्हणजे दिवसाला सहा ग्रॅम. रिपोर्टमध्ये शिसं 8 पीपीएम असेल तर पोटात रोज 48 मायक्रोग्रॅम जातं. दुसऱ्या कंपनीच्या रिपोर्टमध्ये 1.2 पीपीएम असेल तर 7.2 मायक्रोग्रॅम. कायद्याच्या नजरेत दोन्ही पास! अमेरिकेच्या अन्न-औषध प्रशासनाने अन्नातून रोज जाणाऱ्या शिशासाठी संदर्भपातळी ठरवली आहे. मूल होण्याच्या वयातल्या बाईसाठी ती 8.8 मायक्रोग्रॅम आहे आणि लहान मुलासाठी 2.2. शिशाची सुरक्षित म्हणावी अशी पातळीच नाही, असं जागतिक आरोग्य संघटनाही सांगते. म्हणून ‘टेस्टेड आहे का?’ एवढं विचारून थांबू नका. आकडा मागा आणि त्याला आपल्या रोजच्या ग्रॅमने गुणा.

भस्माच्या गोळीत हा हिशोब कुठल्या कुठे जातो. 250 मिलिग्रॅमच्या गोळीत शिसं नुसतं एक टक्का धरलं, तरी एका गोळीत 2,500 मायक्रोग्रॅम होतं. भस्म पाण्यावर तरंगतं, बोटांच्या रेषांत भरतं, ही जुनी परीक्षा भस्म किती बारीक आणि नीट मारलेलं आहे हे सांगते. त्यातलं शिसं रक्तात किती उतरेल, हे त्या परीक्षेवरून कळत नाही.

रिपोर्ट मिळवायला पैसे पडत नाहीत. बाटलीवरच्या ग्राहक क्रमांकावर किंवा ईमेलवर बॅच नंबर कळवा आणि त्याच बॅचचं विश्लेषण प्रमाणपत्र मागा. आलेल्या कागदावर बॅच नंबर जुळतो का, चारही धातूंचे आकडे वेगवेगळे आहेत का, प्रयोगशाळेचं नाव, पद्धत आणि तारीख आहे का, हे पाहा. आकड्याऐवजी नुसतं ‘कम्प्लाइज’ लिहिलं असेल किंवा ‘हेवी मेटल्स’ अशी एकच ओळ असेल, तर आपल्या हिशोबाला तो कागद निरुपयोगी आहे. कंपनी टाळाटाळ करत असेल तर दुसरी घ्या. क्वालिटी कौन्सिल ऑफ इंडियाच्या योजनेतलं आयुष चिन्ह असेल तर ते जमेची बाजू धरा, पण आकडा तरीही मागा.

खर्चाचं गणित असं. भाव दुकानागणिक बदलतात, तरी नमुन्यादाखल शंभर ग्रॅमची साधी डबी दीडशेची आणि रिपोर्ट देणारी तीनशेची धरू. दिवसाला सहा ग्रॅमप्रमाणे तीन महिन्यांत 540 ग्रॅम लागेल: एकीकडे 810 रुपये, दुसरीकडे 1,620. म्हणजे फरक दिवसाला नऊ रुपयांचा. त्याउलट स्वतः तपासायचं ठरवलं, तर एनएबीएल मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत चार धातूंसाठी साधारण दोन ते पाच हजार रुपये पडतात. अशा प्रयोगशाळा पुणे, नाशिकसारख्या शहरांत मिळतील. एका घराच्या एका डबीसाठी हा खर्च करू नये, असं माझं मत आहे. बचत गटाने चार-पाच किलो मुळं एकदम आणून दळून वाटायची असतील, तर मात्र जरूर करावा. मग किलोमागे साधारण चारशे ते साडेबाराशे रुपयांची वाढ होते, आणि पुढची गोणी आली की तपासणी नव्याने करावी लागते. नमुना द्यायच्या आधी त्या लॉटच्या वेगवेगळ्या ठिकाणचं चूर्ण एकत्र मिसळून कोरड्या, स्वच्छ, बंद पिशवीत द्या. किती ग्रॅम हवं आणि प्रयोगशाळेच्या मान्यतेत ही चाचणी येते का, हे फोनवर आधीच विचारा.

बाजारातल्या बिनलेबलच्या पुडीबद्दल मला हातचं राखून काही सांगायचं नाही: घेऊ नका. परवाना क्रमांक नाही, बॅच नाही, मुदत नाही, म्हणजे काही झालं तर जबाबदार धरायला कोणी नाही. दोन दिवसांत दुखणं गायब करणाऱ्या पुडीत धातूंखेरीज स्टेरॉइडचीही शंका घ्यावी. ती बरेच दिवस घेत असाल तर एकदम तोडू नका, आधी डॉक्टरांना भेटा. स्टेरॉइड अचानक थांबवणंही धोक्याचं असतं.

महिनोन्महिने भस्माचं औषध किंवा अनोळखी चूर्ण पोटात गेलं असेल आणि पोटात कळा, बद्धकोष्ठ, थकवा, रक्त कमी होणं, हातपायांना मुंग्या असं काही असेल, तर लोणीच्या प्रवरा रुग्णालयासारख्या मोठ्या दवाखान्यात दाखवा. रक्तातल्या शिशाची तपासणी नाव घेऊन मागा, कारण नेहमीच्या रक्ततपासणीत ती नसते. खाजगीत ती साधारण एक ते अडीच हजारांत होते आणि नमुना बाहेरगावी पाठवला जाऊ शकतो. जाताना बाटली, पुडी, उरलेल्या गोळ्या सगळं बरोबर न्या. बाटलीचं लेबल फाडू नका. बॅच नंबरासह तक्रार अन्न व औषध प्रशासनाच्या अहिल्यानगर कार्यालयात करायची झाली, तर तेच लेबल आणि बिल लागेल.