एका ‘ला’ची दोन दारं

जर्मनीला शिकायला जायचं ठरलं तेव्हा मी फुशारकीने म्हटलं होतं, “इंग्रजीवाल्यांना चार विभक्त्या जड जात असतील, आपल्याकडे आठ आहेत.” शाळेत ‘स-ला-ते, स-ला-ना-ते’ घोकलेली मुलगी होते मी. पुण्यातल्या क्लासमध्ये पहिले काही महिने ही फुशारकी टिकली. पुढे जे झालं ते सांगते.

१. आठ येतात म्हणून चार येत नाहीत.

फळ्यावर तक्ता आला. नोमिनाटिव्ह, आक्कुझाटिव्ह, डाटिव्ह, गेनिटिव्ह. मी वहीत शेजारी लिहिलं: प्रथमा, द्वितीया, चतुर्थी, षष्ठी. झालं की! मग सरांनी युक्ती सांगितली. ‘वेन?’ असं विचारून उत्तर आलं तर आक्कुझाटिव्ह, ‘वेम?’ असं विचारून आलं तर डाटिव्ह. मी वहीत दोन्हींचा अर्थ लिहिला. वेन म्हणजे कोणाला. वेम म्हणजे... कोणाला. पेन तिथेच थांबलं.

आपल्या द्वितीयेचे आणि चतुर्थीचे प्रत्यय एकच आहेत हे मला दहावीपासून पाठ होतं. त्याचा अर्थ काय होतो, ते त्या दिवशी कळलं. ‘मी शिक्षकांना विचारते’ आणि ‘मी शिक्षकांना मदत करते’ या दोन वाक्यांत आपल्याला शिक्षकांचं काहीच बदललेलं दिसत नाही. जर्मनमध्ये पहिलं ‘इश फ्रागं डेन लेरर’ आणि दुसरं ‘इश हेल्फं डेम लेरर’. विचारण्याचं क्रियापद आक्कुझाटिव्ह मागतं, मदतीचं डाटिव्ह. आपल्या एका ‘ला’मागे त्यांची दोन दारं आहेत आणि कुठल्या दारावर टकटक करायची ते नाम सांगत नाही, क्रियापद सांगतं. मित्राला फोन करायचा तर आक्कुझाटिव्ह, मित्राला उत्तर द्यायचं तर डाटिव्ह. त्याचे आभार मानायचे तरी डाटिव्हच, आणि तिथे आपण चक्क षष्ठी वापरतो. मराठी मनात धरून हे सुटणार नाही, हे मान्य करायला मला फार वेळ लागला. शेवटी क्रियापदांची वही केली. प्रत्येक नवं क्रियापद एका माणसाला बरोबर घेऊनच लिहायचं: नुसतं ‘हेल्फन’ लिहायचं नाही, ‘डेम फ्रॉइंड हेल्फन’ असं लिहायचं.

२. टेबलाला जीव नसतो, हे जर्मनला पटत नाही.

माझी सगळ्यात हट्टी चूक ही. ‘मी टेबल विकत घेते’ या वाक्यात टेबलाला आपण काही लावत नाही. कुत्रा असता तर ‘कुत्र्याला बघते’ म्हटलं असतं, पण निर्जीव कर्म आपल्याकडे मोकळंच राहतं. त्यामुळे माझा हात आपोआप लिहायचा, ‘इश काउफं डेअर टिश’. हवं होतं ‘डेन टिश’. जर्मन भाषा जीव बघत नाही, लिंग बघते. आणि त्यातही गंमत अशी की आक्कुझाटिव्हमध्ये बदलतं फक्त पुल्लिंग एकवचन. ‘दी’ आणि ‘दास’ जसेच्या तसे राहतात. हे लक्षात आल्यावर अर्धा तक्ता मी मनातून पुसून टाकला. कर्म दिसलं की एवढंच विचारायचं, हा ‘तो’ आहे का?

तो, ती, ते हे त्रिकूट आपल्याला परकं नाही, हा आपला खरा फायदा. फक्त आपलं ‘ते टेबल’ तिकडे ‘तो’ होतं आणि मुलगी, म्हणजे ‘दास मेडशन’, ‘ते’ होते. यावर मी क्लासमध्ये तावातावाने बोलले होते. घरी येऊन आईला सांगितलं, तर ती म्हणाली, “आपणही म्हणतोच की, ते पोरगं कुठे गेलं?”

३. डाटिव्ह हे एकत्र कुटुंब आहे.

चतुर्थी म्हणजे डाटिव्ह, हे माझं समीकरण दुसऱ्या पातळीवर पोचल्यावर कोसळलं. एका रात्री मी आपली साधी वाक्यं घेऊन बसले. भावाला देते: डेम ब्रुडर. चाकूने कापते: मिट डेम मेसर. मित्राशी बोलते: मिट डेम फ्रॉइंड. घरातून येते: आउस डेम हाउस. गावात राहते: इन डेम डॉर्फ, जे बोलताना ‘इम डॉर्फ’ होतं. चतुर्थी, तृतीया, पुन्हा तृतीया, पंचमी, सप्तमी. आणि उजवीकडे सगळीकडे डेम, डेम, डेम.

मग वाचताना कारण सापडलं. संस्कृत आणि जर्मन या दोघींच्या फार जुन्या, एकाच पूर्वजभाषेत आठ विभक्त्या होत्या असं भाषाशास्त्रज्ञ मानतात. संस्कृतने त्या सांभाळल्या. जर्मनकडे येईपर्यंत साधन, अपादान, अधिकरण ही बिऱ्हाडं मोडून डाटिव्हच्या घरात राहायला आली, आणि कोण कुठलं हे ओळखण्यासाठी दारावर शब्दयोगी अव्ययाची पाटी लागली, म्हणजे मिट, आउस, फोन, बाय. फरक एवढाच की त्यांची पाटी नामाच्या आधी लागते, आपली मागून. हे कळल्यावर ‘मिट, आउस, बाय, नाख, झाइट, फोन, त्सू यांच्यापुढे डाटिव्ह’ ही यादी मला पाढ्यासारखी वाटेनाशी झाली.

४. जिथे मराठी धावून आली असती, तिथे मी इंग्रजीला हाक मारली.

हे सांगताना अजून कान गरम होतात. पहिला हिवाळा, वसतिगृहाचं सामाईक स्वयंपाकघर, कुणीतरी खिडकी उघडी टाकलेली. मी म्हटलं, “इश बिन काल्ट.” शेजारच्या खोलीतली मुलगी आधी दचकली, मग हसली. मी ‘मी भावनाशून्य बाई आहे’ अशा अर्थाचं काहीतरी जाहीर केलं होतं. “मिअर इस्ट काल्ट,” ती म्हणाली आणि तिने खिडकी लावली.

मिअर म्हणजे ‘मला’. मला थंडी वाजते. आपण जन्मभर असंच म्हणतो! थंडी करणारे आपण नव्हे, ती आपल्याला होते, हे मराठीला ठाऊक आहे आणि जर्मनलाही. मला चक्कर येते, मला हे आवडतं, मला बरं वाटत नाही, मला वाईट वाटतं. या सगळ्यांची जर्मन वाक्यं डाटिव्हवर उभी आहेत. ‘दास गेफेल्ट मिअर’ हे ‘ते मला आवडतं’शी किती जुळतं बघा, आवडणारी वस्तू कर्ता आणि आपण ‘ला’मध्ये. मी मात्र मनात इंग्रजीचं ‘आय’ धरून बसले होते. अर्थात सरसकट विश्वास ठेवू नका. मला भूक लागली याचं जर्मन ‘इश हाबं हुंगर’, म्हणजे तिथे भूक आपल्याजवळ असते, आपल्याला लागत नाही.

५. ‘हालचाल असेल तर आक्कुझाटिव्ह’ हा नियम अर्धाच खरा आहे.

आन, आउफ, इन अशा नऊ अव्ययांना दोन्ही विभक्त्या चालतात. कुठे जातो ते सांगायचं तर आक्कुझाटिव्ह, कुठे आहे ते सांगायचं तर डाटिव्ह. आपण ‘लायब्ररीत जाते’ आणि ‘लायब्ररीत आहे’ दोन्हींकडे ‘त’वर भागवतो, म्हणून मी हालचालीचा नियम घट्ट धरला. एकदा त्याच शेजारणीला मी ऐटीत सांगितलं की मी रोज सकाळी ‘इन डेन पार्क’ धावते. तिने विचारलं, “आणि तिथे पोचल्यावर काय करतेस?”

मी बागेपर्यंत धावते असं तिला वाटलं होतं. बागेतल्या बागेत चकरा मारायच्या तर पाय कितीही हलोत, ‘इम पार्क’ म्हणजे डाटिव्हच. प्रश्न हालचालीचा नाही, जागा ओलांडण्याचा आहे. आता मी मनात मराठी वाक्याला एक शेपूट जोडून बघते. ‘बागेत धावत गेले’ बसतंय की ‘बागेत धावत होते’? पहिलं बसलं तर डेन, दुसरं बसलं तर डेम. पुस्तक टेबलावर ठेवलं तर आउफ डेन टिश, टेबलावर पडलंय तर आउफ डेम टिश. भरभर बोलताना हा ‘न’ आणि ‘म’ मधला फरक ऐकू येईलच असं नाही, चुकलात तरी गाडी पुढे जाते. परीक्षेच्या पेपरात मात्र तो स्वच्छ दिसतो.

६. आपलं व्याकरण किती अवघड आहे, हे मला जर्मन मुलीने दाखवलं.

तिला थोडी मराठी शिकायची होती. मी मोठ्या मनाने म्हटलं, सोप्पं आहे, नामाला ‘ला’ लाव. ती म्हणाली, “घोडाला.” नाही, घोड्याला. “बरं. काक्याला?” नाही, काकाला. “पाणीत?” पाण्यात. “मग भाज्यात?” भाजीत.

तिने पेन खाली ठेवलं. सामान्यरूप हा शब्द मला शाळेत भेटला होता, पण कधी कुणाला समजावून सांगायची वेळ आली नव्हती. थोड्या वेळाने तीच म्हणाली, “पाणी नपुंसकलिंगी आणि भाजी स्त्रीलिंगी, म्हणून का?” हो, म्हणूनच! मी एवढी वर्षं त्यांच्या लिंगावर ठरणाऱ्या डेम आणि डेअरला नावं ठेवत होते.

त्या दिवशी आणखी एक हाती लागलं. ‘मोठा घोडा’ला काहीही लावा, ‘मोठा’चं ‘मोठ्या’ होतं: मोठ्या घोड्याला, घोड्याने, घोड्यावरून. जर्मन विशेषणाचा मला छळणारा ‘-एन’ डाटिव्हमध्ये नेमकं हेच करतो: डेम ग्रोसन टिश, डेअर ग्रोसन ट्युअर. म्हणजे ‘या नामाला काहीतरी लागलंय’ एवढीच खूण. मला ‘-एन’ ऐकू आला की आता ‘ग्रोसन’ऐवजी ‘मोठ्या’ ऐकू येतं.

७. पाकिटावरचा ‘न’.

एका कार्यालयातून शेजारच्या मुलाला आलेल्या पत्रावर त्याच्या नावाआधी ‘हेर’ऐवजी ‘हेर्न’ छापलेलं होतं. मी त्याला म्हटलं, बघ, तुमचे लोकही चुकतात. तो म्हणाला, चूक नाही, ते आक्कुझाटिव्ह आहे. पूर्वी पाकिटावर ‘आन’, म्हणजे ‘प्रति’, लिहीत. ते अव्यय गळलं, त्याने लावलेला ‘न’ राहिला.

सुट्टीत घरी आले तेव्हा आजोबांचा पत्रांचा डबा उघडला. वरचंच पाकीट त्यांच्या भावाच्या नावाचं होतं, पाठवायचं राहून गेलेलं. नावापुढे आजोबांच्या तिरप्या अक्षरात लिहिलं होतं, ‘यांस’.